काळा शंकरपाळा

उजमाच्या फाईलमधला पांढरा शंकरपाळा श्रीधर मुळेसरांनी आपल्या हातानं काळा केला, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि सरांना चहा हवा होता. माणसाच्या मोठ्या चुका बहुतेक अशाच होतात, चहाच्या थोड्या आधी.

क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका कॉलेजची ती कॉम्प्युटर लॅब. तिसऱ्या वर्षाची पोरं प्रोजेक्टच्या फायली घेऊन सहीसाठी रांगेत उभी होती. उजमा रांगेत शेवटची, कारण ती पाचोडहून एसटीनं यायची आणि एसटीला कॉलेजच्या रांगेशी काही देणंघेणं नसतं. तिचा प्रोजेक्ट होता खासगी शिकवणीवर्गाचा कारभार: कोणती बॅच, तिच्यात कोणते विद्यार्थी, तिचं वेळापत्रक काय.

अशा प्रोजेक्टात आधी क्लास डायग्राम काढावा लागतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीचा एक चौकोन काढायचा आणि कोण कुणाशी कसं बांधलेलं आहे ते रेषांनी दाखवायचं. एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीचा भाग असेल, तर अख्ख्या गोष्टीकडच्या टोकाला डायमंड काढतात. पुस्तकात त्याला डायमंड म्हणतात. मुळेसरांच्या वर्गात त्याला शंकरपाळा म्हणत. शंकरपाळा पोकळ असला तर ॲग्रिगेशन, भरीव काळा असला तर कंपोझिशन. उजमानं बॅच आणि वेळापत्रकातले तास यांच्यात काळा काढला होता आणि बॅच आणि विद्यार्थी यांच्यात पोकळ.

सरांनी फाईल उघडली, पोकळ शंकरपाळ्यावर पेन टेकवला आणि विचारलं, "हे काय?"

"सर, बॅच बंद झाली तरी पोरं तर राहतात ना, म्हणून."

"अगं, चाकाशिवाय रिक्षा चालती का?"

"नाही सर."

"मग विद्यार्थ्यांशिवाय बॅच चालती का?"

"नाही सर, पण..."

"पणबिण परीक्षेत चालत नाय," सर म्हणाले. पाठीमागं दोनचार पोरं हसली. सरांनी त्या हशाच्या तालावर शंकरपाळा गर्द काळा भरला, शाई सुकावी म्हणून फुंकर मारली, आणि वर सांगितलं की डायग्रामप्रमाणं कोडपण नीट कर. बॅच काढली की तिच्यातलं सगळं निघालं पाहिजे. मग सही केली. उजमा मान हलवून गेली. सरांनी सांगितलं तसंच तिनं केलं, आणि त्यातूनच पुढं सगळा घोटाळा झाला.

श्रीधर मुळे मूळचा देवगाव रंगारीचा. आजोबा गावात सत्यनारायण सांगायचे, वडील तहसिलात कारकून होते, आणि श्रीधर तासिका तत्त्वावर प्राध्यापक होता. म्हणजे पिढीगणिक शिक्षण वाढत गेलं आणि नोकरी पातळ होत गेली. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनला एक पत्र येतं, दर एप्रिलला ते संपतं. नऊ वर्षं झाली. प्राध्यापक म्हणून त्याच्या नावापुढं पाटी कधी लागली नाही. स्टाफरूममध्ये खुर्ची होती, पण ती खिडकीजवळची, जी पाहुणा आला की आधी उचलली जाते.

तो टी.व्ही. सेंटरकडं एका गच्चीवरच्या खोलीत राहायचा. ही पाचवी खोली. तिसरी रस्तारुंदीत गेली. बाकीच्या भाडं वाढल्यानं किंवा मालकाच्या पोराचं लग्न ठरल्यानं सुटल्या. सामान म्हणजे एक लोखंडी खाट, टेबलफॅन, गॅस आणि पुस्तकांच्या दोन गोण्या. सध्याची मालकीण सत्यभामाबाई चांगली होती, पण तिला कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं दोघांचं बोलणं हातवाऱ्यांवर चाले: पाणी आलं, पाणी गेलं. आई थोरल्या भावाकडं गावीच. रविवारी फोन करायची, "जेवलास का?" विचारायची, आणि तो "हो" म्हणेपर्यंत फोन नातवाच्या हातात गेलेला असायचा. स्थळंही यायची एकेकाळी. पोरीचे वडील चहा घेत, चिवड्याला नावाजत आणि विचारत, "परमनंट कधी व्हताल?" त्यावर श्रीधर खरं बोलायचा. मग स्थळं यायची थांबली.

दिवसभरात त्याच्या तोंडून जे काही शब्द निघत, ते वर्गातच. एका मे महिन्याच्या सुट्टीत दहाव्या दिवशी किराणा दुकानात काडेपेटी मागायला गेला, तर आवाजच फुटेना. दुकानदारानं विचारलं, "घसा बसला का सर?" तेव्हा श्रीधरच्या ध्यानात आलं की गेले दहा दिवस आपण काहीच बोललेलो नाही.

म्हणून वर्ग त्याला प्यारा होता. परमनंट मंडळी पडद्यावरचं वाचून दाखवत. श्रीधर घरातल्या आणि रस्त्यावरच्या वस्तू वर्गात आणायचा. कुलूप-किल्ली, डबा, छत्री. रिक्षा आणि चाक हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. पहिल्याच वर्षी ते बोलता बोलता सुचलं. रिक्षावाला चाक विसरून स्टेशनला निघाल्याची नक्कल त्यानं केली, साठ पोरं खदाखदा हसली, आणि श्रीधर त्या उदाहरणाच्या प्रेमात पडला. हशा पडला की माणसाला वाटतं, आपलं म्हणणं खरं असलं पाहिजे. पुढं नऊ वर्षं पुस्तकातलं ते पान त्यानं उघडलं नाही. जे तोंडपाठ असतं ते कोण उघडून बघतं?

एप्रिलात प्रॅक्टिकल परीक्षा लागली. एक्स्टर्नल म्हणून जालन्याहून कालिंदी रत्नपारखी मॅडम आल्या, आणि इंटर्नल म्हणून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर श्रीधर. मार्कांच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात. सकाळीच विभागप्रमुख वायकरसर त्याला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाले होते की मॅडम कडक आहेत, त्यांना नाराज करू नका, त्यांचा उलटा शेरा कागदावर यायला नको. आणि जाता जाता सहज म्हणावं तसं म्हणाले होते की जूनच्या पत्रांची यादी यंदा माझ्याकडंच आहे.

उजमाचा नंबर बाराच्या सुमारास आला. तिला चिकलठाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, जुलैपासून; अट एवढीच की एकही विषय राहता कामा नये. पोरीनं तयारी चोख केली होती. बॅचा दाखवल्या, विद्यार्थी दाखवले. मॅडम शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "गणिताची बॅच बंद झाली समजा. काढून टाका."

उजमानं बटण दाबलं. गणिताची बॅच गेली.

"आता इंग्रजीची बॅच दाखवा."

इंग्रजीच्या बॅचमध्ये वीस नावं होती, त्यातली तेरा उडालेली. जी पोरं दोन्हीकडं होती ती इंग्रजीतूनही गायब. मॅडमनी सगळ्या विद्यार्थ्यांची यादी मागितली. गणिताचा एकही पोरगा तिथं नव्हता. नाव नाही, पत्ता नाही, पालकांचा नंबर नाही.

"बॅच बंद झाली," मॅडम म्हणाल्या, "पोरं मेली का?"

लॅबमध्ये कुणी हसलं नाही. मॅडमनी फाईल उघडली, डायग्रामवर बोट ठेवलं. बाकीचा डायग्राम छापलेला. हा एकच शंकरपाळा पेनानं भरलेला, शाई अजून चकाकत होती.

"हा पेनानं कुणी भरला?"

उजमानं श्रीधरकडं बघितलंही नाही. "मीच, मॅडम. चुकलं माझं."

श्रीधर शेजारीच होता, हातभर अंतरावर. त्याला बोलायचं होतं, की बोलायचं नव्हतं, हे त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. मधल्या काळात मॅडमनी पेन्सिलीनं आकडा लिहूनही टाकला. शंभरात तेहतीस. पास व्हायला चाळीस लागतात. "डेटा उडवणारं सॉफ्टवेअर मी कशी पास करू?" त्या हळूच म्हणाल्या, जणू श्रीधरचीच समजूत घालत होत्या. "पाचला पेनानं लिहू. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तोवर सांगा."

दुपारी विभागात एक्स्टर्नलसाठी पुरीभाजी आणि गुलाबजाम होते. असल्या जेवणाला तासिकावाल्यांना वर्षातून एकदाच बोलावतात, पण श्रीधर जेवला नाही. जिन्यात उजमा बसली होती, फाईल मांडीवर. तिला काही विचारण्याआधी तिनंच सांगितलं, "सर, एक्स्टर्नलसमोर इंटर्नल सरांचं नाव घ्यायचं नाय, असं सीनियर सांगत्यात. सगळ्यांचे मार्क जातात म्हणं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती एखादा नियम सांगावा तसं सांगत होती, आणि तेच श्रीधरला जास्त लागलं. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

तो फाटकाबाहेर आला. समोर पुंडलिकचं गॅरेज. नऊ वर्षं रोज त्याच्यासमोरून जाऊनही श्रीधर तिथं कधी थांबला नव्हता. ज्याच्याकडं स्वतःची गाडी नाही तो गॅरेजपुढं कशाला थांबेल? आज थांबला. एक जुनी रिक्षा कापायला घेतली होती. छत निघालं होतं, पत्रा निघाला होता, सांगाड्याचे तुकडे पोत्यात भरत होते. तीन चाकं मात्र भिंतीला नीट टेकवून ठेवलेली.

"ही चाकं कुणाची?" श्रीधरनं विचारलं.

"व्हती हिची," पुंडलिक म्हणाला. "आता ज्याला लागतील त्याची. दोन उद्या बसवतो एका रिक्षाला."

"पण चाकाशिवाय रिक्षा चालत नाही."

पुंडलिकनं त्याच्याकडं नीट बघितलं. शिकलेल्या माणसाला उन्हाचा त्रास होतो, हे त्याला माहीत असावं. "नाय चालत सर," तो समजुतीनं म्हणाला. "पण रिक्षाबिगर चाकाचं काय अडतंय?"

श्रीधर तिथंच टायरच्या ढिगावर बसला. नऊ वर्षं तो प्रश्नच उलटा विचारत आला होता. अख्ख्याचं भागावाचून अडतं का, हे तो विचारत होता. विचारायचं होतं ते हे, की अख्खं गेल्यावर भागाचं काय होतं? नऊ बॅचा, दर बॅचला साठेक पोरं. त्यातल्या कित्येकांनी डायग्राम कधीच काढला नसेल, कुणी मेडिकल दुकानात असेल, कुणी बँकेत. पण काहींनी काढले असतील, आणि कुठल्या तरी कंपनीत कुठल्या तरी यादीतली माणसं त्याच्या चाकाखाली आली असतील.

साडेतीनला तो लॅबमध्ये परतला. शेवटची पोरगी तोंडी परीक्षा देऊन उठत होती. उजमा आणि तिच्यासारखी सातआठ पोरं निकालाची वाट बघत मागच्या बाकांवर रेंगाळलेली. वायकरसर दारात उभे राहून मॅडमच्या परतीच्या गाडीचं बघत होते.

"मॅडम," श्रीधर उभ्यानंच म्हणाला, "तो शंकरपाळा मी भरला. तिनं पोकळच काढला होता. कोडही मीच तसं करायला लावलं."

दारातून वायकरसरांचं खाकरणं ऐकू आलं. मॅडमनी चष्मा काढला. शंकरपाळा हा शब्द पचवायला त्यांना क्षणभर लागला. मग म्हणाल्या, "का भरला?"

"मला वाटायचं तेच बरोबर."

"आणि आता?"

"आता नाही वाटत."

"मग समजावून सांगा. मला नको, त्यांना," त्यांनी मागच्या बाकांकडं बोट केलं. "चुकीचं तुम्ही शिकवलंय, बरोबरही तुम्हीच शिकवा. तिचे मार्क त्यानंतर बघू."

एवढ्या वर्षांत श्रीधरला फळ्यापुढं कधी भीती वाटली नव्हती. आज खडू हातात घेतला आणि रिक्षा सोडून काय सांगावं ते सुचेना. वर्ग हसण्याची वाट बघत होता. शेवटी त्यानं तेच सांगितलं जे त्याच्याजवळ होतं.

तो म्हणाला की मी भाड्याच्या खोलीत राहतो, गच्चीवर. फळ्यावर तीन चौकोन काढले: घर, खोली, खाट. मग सांगू लागला. घर पाडलं तर खोली उरत नाही. खोली उचलून दुसऱ्या घराला लावता येत नाही, आणि एक खोली एका वेळी दोन घरांची नसते. घर बांधलं तेव्हा खोली झाली, घर जाईल तेव्हा खोली जाईल. म्हणून घराच्या टोकाला काळा. हे कंपोझिशन. आता खोली आणि खाट. माझी तिसरी खोली रस्तारुंदीत गेली. जेसीबी आला तेव्हा मी खाट घेऊन रस्त्यावर उभा होतो. खोली गेली, खाट राहिली. ती चौथ्या खोलीत गेली, मग पाचव्या. खाट खोलीची होती, पण खोलीवर जगत नव्हती. म्हणून खोलीच्या टोकाला पोकळ. हे ॲग्रिगेशन.

"खाटेशिवाय खोलीत राहता येतं का?" मॅडमनी मधेच विचारलं. त्या परीक्षाच घेत होत्या.

"येवो की न येवो, मॅडम. तो प्रश्नच नाही. मी नऊ वर्षं तोच विचारला. गरज कुणाला आहे ते बघायचं नाही. अख्खं गेलं की भाग जातो का राहतो, एवढंच बघायचं."

"आणि रिक्षाचं चाक? ते कायम पोकळच का?"

 श्रीधरच्या डोळ्यांपुढं गॅरेज आलं. तो म्हणाला की ते कुणासाठी काढतोय त्यावर आहे. गॅरेजवाल्याला चाक वेगळं काढून ठेवायचं असतं, त्याच्या वहीत चाकाला स्वतःची जागा आहे, तिथं पोकळ. पण एखाद्या कार्यालयाला फक्त रिक्षाची नोंद ठेवायची असेल, चाक सुटं कधीच बघायचं नसेल आणि रिक्षाची नोंद काढली की चाकाचीही निघावी असं असेल, तर तिथं काळा चालेल. मॅडमनी पहिल्यांदाच मान डोलावली.

"आणि भाडेकरू?" मागून उजमानं विचारलं. ती मुद्दाम चिडवत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाडेकरू..." श्रीधर म्हणाला. फळ्यावर चौथा चौकोन काढला, रेषा ओढली. "पोकळच. घर गेलं तरी तो असतो." पुढं त्याला काही जोडायचं होतं, काहीतरी हसवणारं, पण आलं नाही. खडूचा हात पँटला पुसून तो खाली बसला.

मॅडमनी उजमाला वीस मिनिटं दिली. काम फार नव्हतं. तिनं बदल केला: बॅच काढली की वेळापत्रकातले तास जातील, कारण बॅचवाचून सोमवारच्या गणिताच्या तासाला काही अर्थ नाही, विद्यार्थी मात्र राहतील, फक्त त्यांचा बॅचशी असलेला धागा तुटेल. मग जुना डेटा भरला आणि गणिताची बॅच पुन्हा काढली. इंग्रजीत वीसच्या वीस नावं. सगळ्या विद्यार्थ्यांच्या यादीत जी पोरं फक्त गणिताला होती, ती पण होती, आणि त्यांच्या नावापुढं बॅचच्या रकान्यात काहीच नव्हतं. श्रीधर त्या रिकाम्या रकान्याकडं बराच वेळ बघत राहिला. पडद्यावर चांगली दिसत होती ती नावं, कुठंच नसली तरी.

मॅडमनी पेन्सिलीचा आकडा खोडला आणि पेनानं एकसष्ट लिहिले. श्रीधरनं सही केली. शेऱ्याच्या जागी त्यांनी एक ओळ लिहिली: प्रकल्पातील दोष अंतर्गत मार्गदर्शनामुळे होता, दुरुस्त केला. खरं तेच होतं, त्यामुळं त्यावर काही बोलता येईना. वायकरसर गाडीपर्यंत मॅडमना सोडून आले आणि श्रीधरला एवढंच म्हणाले, "गरज काय होती, मुळे?"

जूनमध्ये पत्र आलं. आलं हे महत्त्वाचं, पण त्यात सॉफ्टवेअरचे तास नव्हते. ते कुणा नव्या माणसाला गेले. श्रीधरला पहिल्या वर्षाचे आठवड्याला चार तास मिळाले, कॉम्प्युटर चालू कसा करायचा, फाईल कुठं ठेवायची असले. त्या वर्गात कोणी हसत नाही; पोरं अजून एकमेकांना बुजतात. उजमा जुलैत कंपनीत रुजू झाली. तिनं फोटो पाठवला, गळ्यात ओळखपत्र. श्रीधरनं अंगठा पाठवला, मग वाटलं की तो फार कोरडा झाला, म्हणून खाली "छान" लिहिलं.

तासांबरोबर बोलणं कमी झालं, आणि त्या रिकाम्या संध्याकाळी त्यानं एक काम काढलं. जुन्या बॅचांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं एकच निरोप टाकला: रिक्षाचं उदाहरण मी चुकीचं शिकवलं होतं, अख्खं गेल्यावर भाग राहतो का ते विचारा, राहत असेल तर पोकळ. खाली खोली आणि खाट. काही ग्रुपवर कुणी बघितलं नाही. एकीनं लिहिलं, सर आता मी दोन पोरांची आई आहे, शंकरपाळे फक्त दिवाळीत. एकानं हसण्याच्या चेहऱ्यांची रांग पाठवली. दोघांनी गंभीरपणे आभार मानले. श्रीधरनं सगळे निरोप दोनदोनदा वाचले. महिनाभरात त्याच्याशी एवढी माणसं बोलली नव्हती.

आणि तेव्हा त्याला वरद आठवला. नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षातली बॅच. किरकोळ, चष्मेवाला, पुस्तक वाचून येणारा. युनिट टेस्टला त्यानं रिक्षा आणि चाकामध्ये पोकळ शंकरपाळा काढला होता आणि खाली एक ओळ लिहिली होती: चाक दुसऱ्या रिक्षाला बसतं. श्रीधरनं लाल पेनानं ती ओळ कापली आणि दोन मार्क कमी केले होते. वरद पेपर घेऊन टेबलापाशी आला, काही तरी बोलू लागला, आणि श्रीधरनं वर्गाला हसवून त्याला परत पाठवलं होतं.

त्या वर्षीच्या ग्रुपवर वरद नव्हता. जुन्या हजेरीच्या वहीतून श्रीधरनं त्याचा नंबर काढला. लावला तर कुणी बाई बोलली. हा नंबर तिला दोन वर्षांपूर्वी मिळालाय, वरद कोण ते तिला माहीत नाही. तिनं विचारलं, "काही अर्जंट हाय का?"

"नाही," श्रीधर म्हणाला, "दोन मार्क द्यायचे होते."

बाईनं "बरं" म्हणून फोन ठेवला. वरदच्या वर्गातल्या दोघाचौघांना त्यानं विचारलं; कुणी पुण्याचं सांगितलं, कुणी हैदराबादचं, कुणाला तो आठवतच नव्हता. हजेरीच्या वहीत वरदच्या नावापुढं त्यानं पेन्सिलीनं "दोन" असं लिहून ठेवलंय. ते अजून तसंच आहे.